«आकडे जुळतात» ते «हे आकडे मी पाहिलेले नाहीत»: एका कॅश क्रेडिट फाइलवरची कव्हर नोट

पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात, कर्ज विभागात, २०२४ च्या जुलैमध्ये घडलेलं हे प्रकरण आहे. बँक, कर्जदार, गिऱ्हाइकं कोणाचीच नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटू नये म्हणून रकमा थोड्या बदलल्या आहेत. एकमेकांशी असलेलं त्यांचं प्रमाण मात्र तसंच ठेवलं आहे. फाइल माझ्या टेबलावर होती. नोट लिहिणारी मुलगी विभागात येऊन आठ महिने झाले होते.

## पार्श्वभूमी

कर्जदार ही भोसरीतली भागीदारी संस्था. वाहनांच्या भागांचं मशीनिंग करणारी, सीएनसी आणि व्हीएमसी मिळून चौदा मशीन्स. कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी खात्यातून लागेल तसं उचलता येणाऱ्या कर्जाची, मर्यादा १.६० कोटी रुपये होती, ती २.२५ कोटी करून हवी होती. जुन्या मर्यादेची मुदत ३१ जुलैला संपत होती.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना खेळतं भांडवल देताना उलाढालीची पद्धत वापरतात: पुढच्या वर्षीच्या अपेक्षित विक्रीच्या २० टक्के. संस्थेने १२ कोटींची अपेक्षा दाखवली होती, म्हणजे २.४० कोटी. त्या अंगाने मागणी बसत होती. दुसरं माप ड्रॉइंग पॉवरचं, म्हणजे हातातला माल आणि येणी पाहता प्रत्यक्षात किती उचल करता येते त्याचं. ३० जूनच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल १.८५ कोटी, मालाची देणी ७० लाख, येणी २.४० कोटी. देणी वजा केलेल्या मालावर २५ टक्के आणि येण्यांवर ४० टक्के मार्जिन म्हणून वगळलं की २.३० कोटी येतात. तिथेही मागणी बसत होती. दोन्ही मापांत इतकी नेमकी बसणारी मागणी दिसली की माझा हात थोडा थबकतो, पण तो माझा स्वभाव झाला.

आणखी एक गोष्ट. मागच्या वर्षाची विक्री ९.६० कोटी होती. व्यवहार जवळजवळ सगळे बँकेतून असतील तर दहा कोटींपर्यंत आयकराचं ऑडिट सक्तीचं नसतं. त्यामुळे समोरचा ताळेबंद सीएंच्या सहीचा होता, पण ऑडिट झालेला नव्हता. त्यावरचा यूडीआयएन, म्हणजे सही केलेल्या कागदासाठी सीए घेतात तो क्रमांक, पोर्टलवर खरा निघाला. सही त्याच सीएंची आहे एवढंच त्यातून कळतं. गोदामात जाऊन कोणी माल मोजला का, हे त्यात कुठेच नसतं.

## अडचण

पहिली नोट १२ जुलैला आली, चार ओळींची. त्यातली शेवटची ओळ अशी: «विक्री, येणी व साठा यांचे आकडे उपलब्ध कागदपत्रांशी पडताळले असून जुळतात.»

मी तिला बोलावलं. «साठा कशाशी जुळवलास?»

«मॅडम, स्टॉक स्टेटमेंटशी.»

«आणि स्टॉक स्टेटमेंट कोणी केलं?»

ती गप्प झाली. तिचं खोटं काहीच नव्हतं. ताळेबंदातला साठा आणि त्या तारखेचं स्टॉक स्टेटमेंट खरंच जुळत होते, कारण दोन्ही एकाच अकाउंटंटने एकाच टॅलीमधून काढले होते. एका माणसाला तोच प्रश्न दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं, त्यातलाच हा प्रकार.

नोटेत खरी अडचण «पडताळले» या शब्दात होती. ९.६० कोटींच्या विक्रीमागे तिने तीन दिवस घातले होते आणि १.८५ कोटींच्या साठ्यामागे तीन मिनिटं, पण वाचणाऱ्याला दोन्हींसाठी एकच शब्द दिसत होता. चुकीच्या आकड्याचं एक बरं असतं, कधी ना कधी तो उघडा पडतो. कष्टाने तपासलेल्या आकड्याच्या शेजारी त्याच विशेषणासह बसलेला न तपासलेला आकडा सहसा दिसतच नाही.

## कोणते पर्याय होते

नोट आहे तशी जोडून फाइल समितीकडे पाठवता आली असती. त्या आठवड्यात अशा सहा फाइली गेल्याच होत्या.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक आकडा पक्का होईपर्यंत फाइल रोखणं. ऐकायला बरं वाटतं, पण मुदत ३१ तारखेला संपत होती आणि संस्थेला गज-सळ्यांच्या खरेदीचे पैसे द्यायचे होते. शिवाय काही आकडे पक्के होतच नाहीत. पुढच्या वर्षीचे १२ कोटी कोण पडताळणार?

तिसरा मार्ग आम्ही घेतला: जे पाहिलं ते, ते कोणाच्या हातचं आहे हे सांगून लिहायचं, जे पाहिलं नाही ते तसं लिहायचं, आणि निर्णय पहिल्या भागावर उभा करायचा. तिला एवढंच सांगितलं, की प्रत्येक आकड्यापुढे लिही, हा कागद कर्जदाराच्या हातचा आहे, दुसऱ्या कोणाच्या हातचा आहे, की कर्जदाराच्याच हातचा पण कर्जाचा विषय निघण्याआधीचा आहे. तिसरा प्रकार मधला. जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण संस्थाच भरते, पण मार्चचं विवरण एप्रिलमध्ये भरलं गेलं, त्यावर कर भरला गेला. जुलैमध्ये बँकेला दाखवण्यासाठी ते मागे जाऊन बदलता येत नाही.

## दुसरी नोट

ही १७ जुलैला आली. तिच्या परवानगीने जवळजवळ पूर्ण देते आहे. त्यातलं २६एएस म्हणजे संस्थेच्या नावावर इतरांनी कापलेल्या कराचं आयकराचं विवरण, १९४क्यू म्हणजे मोठ्या खरेदीदाराने माल घेताना कर कापण्याचं कलम, जीएसटीआर-३बी म्हणजे जीएसटीचं गोषवारा विवरण, जीएसटीआर-२बी म्हणजे पुरवठादारांनी संस्थेच्या नावावर दाखवलेल्या खरेदीचं विवरण, आयआरएन म्हणजे ई-बिलाचा नोंदणी क्रमांक, आणि क्रेडिट नोट म्हणजे आधीच्या बिलातली रक्कम कमी करणारा कागद.

> मॅडम,
>
> १२ जुलैची नोट रद्द समजावी.
>
> विक्री, ९.६० कोटी. अ या गिऱ्हाइकाची विक्री ५.९५ कोटी (६२ टक्के). हा आकडा अ च्या बाजूने २६एएसमध्ये पाहिला. तिथे कलम १९४क्यूखाली ५.४५ कोटी दिसतात, करकपात ५४,५००. फरक ५० लाखांचा आहे. या कलमात पहिल्या ५० लाखांवर कपात होत नाही आणि अ ने फक्त कपातीची रक्कम कळवली आहे, त्यामुळे फरक सुटतो. दुसऱ्याच्या हातून पडताळले.
>
> जीएसटीआर-३बीप्रमाणे विक्री १०.०६ कोटी, म्हणजे ४६ लाख जास्त. त्यातले १८ लाख भंगाराचे (ताळेबंदात इतर उत्पन्न), १४ लाख जुन्या सीएनसी मशीनच्या विक्रीचे. दोन्हींची बिलं पाहिली. उरलेल्या १४ लाखांच्या क्रेडिट नोट मार्चमध्ये हिशेबात घेतल्या आहेत. त्यातल्या ८ लाखांच्या एप्रिलच्या जीएसटीआर-१ मध्ये सापडल्या. ६ लाखांच्या सापडल्या नाहीत.
>
> येणी, २.४० कोटी. अ कडून १.३० कोटी. त्यातले ४८ लाख १६ जुलैपर्यंत आपल्याच खात्यात जमा झाले. बाकीची बिलं मे-जूनची आहेत आणि अ नेहमी साठ दिवसांच्या आसपास देतो. मी हे मान्य धरते.
>
> क कडून ६२ लाख. नऊ बिलं, सगळी १२ फेब्रुवारी ते २८ मार्चची. त्याआधी वर्षभरात क ला विक्री नाही. आजपर्यंत एक रुपया आलेला नाही. नऊही बिलांचे आयआरएन खरे आहेत. त्यावरून बिल नोंदवलं गेलं एवढं कळतं, माल क ने स्वीकारला का ते कळत नाही. २६एएसमध्ये क नाही, पण १० कोटींखालच्या खरेदीदाराला १९४क्यू लागू नसतं, त्यामुळे नसण्यावरून काही म्हणता येत नाही. न पडताळलेले. जीएसटी वगळून हीच रक्कम ५२.५ लाख वरच्या विक्रीतही आहे.
>
> येण्यांच्या वयाच्या यादीत क ची बिलं «९० दिवसांच्या आत» आहेत. यादी देय तारखेपासून मोजली आहे. बिलाच्या तारखेपासून मोजलं तर ३० जूनला सर्वांत नवं बिलही ९४ दिवसांचं आहे.
>
> इतर सात गिऱ्हाइकं मिळून ४८ लाख. मोठी तीन (३१ लाख) बँक खात्यावरून पाहिली. उरलेली चार, १७ लाख, पाहिली नाहीत.
>
> साठा, १.८५ कोटी. कच्चा माल १.१० कोटी, अर्धवट तयार ५५ लाख, तयार २० लाख. प्रत्यक्ष पाहिलेला नाही. जीएसटीआर-२बीप्रमाणे कच्च्या मालाची खरेदी महिन्याला सरासरी ३८ लाख आहे. म्हणजे साठा जवळजवळ तीन महिन्यांचा. मालक साधारण महिनाभराचा माल ठेवतो असं म्हणाले होते.
>
> अपेक्षित विक्री, १२ कोटी. हा अंदाज आहे. अ चं नव्या भागासाठीचं पत्र पाहिलं. त्यात संख्या आहे, दर नाही.

## निर्णयाचे टप्पे

२६एएसमधला ५० लाखांचा फरक घ्या. पहिल्या फेरीत तिला तो दिसला होता आणि तिने तो नोटेत घातलाच नव्हता, कारण सुटला नव्हता आणि «जुळतात» या वाक्यात तो बसत नव्हता. दुसऱ्या फेरीत तिने कलम वाचलं, करकपातीला ०.१ टक्क्याने भागून पाहिलं आणि ५.४५ कोटीच आले. सुटलेला फरक नोटेत लिहिला की वाचणाऱ्याला कळतं की इथे कोणीतरी खरोखर बसून पाहिलं आहे. शून्य फरकाच्या नोटेपेक्षा मला अशी नोट जास्त पटते. दोन वेगळ्या लोकांची पुस्तकं रुपयाला रुपया जुळत नाहीत, आणि जुळली तर आधी मला ती पुस्तकं कुठून आली ते विचारावंसं वाटतं.

क च्या ६२ लाखांवर आमचं जास्त बोलणं झालं. बाकी रकमेची खातरजमा मागणारं पत्र थेट बँकेने पाठवावं असं तिचं म्हणणं. मालकांना ते नको होतं. «बँकेचं पत्र गेलं की बाजारात नाव खराब होतं,» ते म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. भोसरीत बातमी चहाच्या टपरीवरून पुढच्या गल्लीत पोचते. शेवटी पत्र संस्थेच्या लेटरहेडवर गेलं, पण उत्तर थेट बँकेच्या ईमेलवर यावं असं त्यात लिहिलं. पत्ता मालकांकडून न घेता जीएसटी पोर्टलवर क चा नंबर टाकून जो पत्ता दिसतो तिथे पाठवायचं, हा आग्रह तिचा. मला तो त्या वेळी जरा अती वाटला होता.

उत्तराची वाट न पाहता पुढे जाता आलं ते वयामुळे. नव्वद दिवसांवरची येणी आमच्याकडे ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. ते ६२ लाख खरे की खोटे हा प्रश्न उघडा ठेवूनही ते मोजणीतून बाहेर गेले. येणी १.७८ कोटी धरली आणि ड्रॉइंग पॉवर १.९३ कोटी आली. २६ जुलैच्या समितीने १.९० कोटी मंजूर केले.

साठ्याबाबतचा निर्णय माझा होता आणि तो चुकला. समितीसाठीचं टिपण मी लिहिलं. त्यात साठ्याचा आकडा १.८५ कोटी असा सरळ गेला. «प्रत्यक्ष पाहिलेला नाही» हे शब्द माझ्या टिपणात आलेच नाहीत, आणि तीन महिन्यांच्या मालाचं निरीक्षणही गळलं. मुद्दाम गाळलं असं नाही. टिपणाच्या ठरलेल्या तक्त्यात शेऱ्याला रकानाच नाही, आणि क चा विषय इतका डोक्यात होता की साठ्याची तपासणी नंतर शाखा करेलच असं मी मनाशी धरलं. शाखेनेही, पुढे कळलं, मुख्य कार्यालयाने पाहिलंच असेल असं धरलं होतं.

## निकाल

क चं उत्तर ३ ऑगस्टला आलं. ३८ लाख मान्य. उरलेल्या २४ लाखांचा माल बोअर, म्हणजे भागातलं छिद्र, मापापेक्षा मोठं निघाल्याने नाकारला होता आणि एप्रिलपासून त्यांच्याच आवारात पडून होता. मालकांना हे माहीत होतं. ६ लाखांच्या हरवलेल्या क्रेडिट नोट मात्र साध्या निघाल्या, मेच्या जीएसटीआर-१ मध्ये उशिरा घातल्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये शाखेचा अधिकारी आणि ती असे दोघं साठा पाहायला गेले. कच्च्या मालाच्या रॅकवर गज होते, आणि भिंतीकडेला लोखंडी पेट्यांमधून फोर्जिंग, म्हणजे ठोकून आकार दिलेले, मशीनिंग व्हायचे भाग. पेट्यांवर अ चे टॅग. अ काही भागांसाठी फोर्जिंग स्वतः पाठवतो, संस्था फक्त मशीनिंग करून परत देते. जॉबवर्कचा हा माल अ च्या मालकीचा, संस्थेला त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून तो २बीत येत नाही. पण अकाउंटंटने किंमत लावून तो साठ्यात धरला होता. जूनच्या आकड्यांत तो सुमारे ३४ लाखांचा होता.

तो काढून जूनचा हिशेब पुन्हा मांडला तर साठा १.५१ कोटी, आणि ड्रॉइंग पॉवर १.६७ कोटींच्या जवळ येते. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी खात्यातली उचल १.८२ कोटी होती. वरचे १५ लाख भरायला संस्थेला सहा आठवडे लागले. भरले, खातं आज नियमित आहे. फसवण्याचा हेतू होता असं मला वाटत नाही. छोट्या कारखान्यात दारातून आत आलेली प्रत्येक पेटी «आपला माल» होऊन जाते. क च्या नाकारलेल्या मालाबद्दल मात्र मी इतकी उदार नाही.

## आज पुन्हा करायचं तर

मुख्य कार्यालयातून भोसरीला जायला, वाहतूक धरूनही, तास-सव्वा तास लागतो. १७ जुलैची नोट वाचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणालातरी पाठवायला हवं होतं. पेट्यांवरचे टॅग दारातूनच वाचता येत होते.

समितीच्या टिपणात आता मी तक्ता वापरत असले तरी न पडताळलेल्या आकड्यापुढे फुली करते आणि खाली एका ओळीत कारण देते. समितीतल्या एका सदस्यांनी पहिल्याच वेळी विचारलं, «एवढ्या फुल्या असतील तर फाइल आणलीच कशाला?» त्यावर मी त्यांना दुसरं गणित दाखवलं: फुलीचे सगळे आकडे शून्य धरले तर ड्रॉइंग पॉवर किती उरते. या प्रकरणात साठा पूर्ण काढला, क काढला आणि न पाहिलेले १७ लाख काढले, तर येण्यांचे १.६१ कोटी उरतात आणि त्यावर ९६.६ लाख. १.९० कोटींच्या निर्णयात निम्म्याच्या आसपास भार न पाहिलेल्या मालावर आणि गिऱ्हाइकांवर होता. हे जुलैत कागदावर दिसलं असतं तर मी फाइल थांबवली नसती, पण साठा पाहिल्यानंतरच वाढीव रक्कम खुली होईल अशी अट नक्की घातली असती.

तिच्या नोटेतही एक बदल सुचवला. तिने आकडे ताळेबंदाच्या क्रमाने लावले होते, म्हणून साठा खाली गेला आणि मी तिथे पोचेपर्यंत क च्या नऊ बिलांनी दमले होते. आकडा चुकला तर निर्णय किती हलतो, त्या क्रमाने लावावेत असं मी म्हटलं. ती तयार नव्हती. «मॅडम, कुठला आकडा निर्णय हलवतो हे मी ठरवायला लागले, तर जो मला छोटा वाटला तो मी नीट बघणारच नाही,» असं तिचं म्हणणं. यावर आमचं अजून एकमत नाही. तिच्या नोटा ताळेबंदाच्या क्रमानेच येतात. फक्त «प्रत्यक्ष पाहिलेला नाही» याच्यापुढे आता कोण पाहणार त्याचं नाव आणि तारीख असते, आणि त्या तारखेला ती त्या माणसाला फोन करते.